बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची साइट पाहताना: घर घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बरीच वर्षं मी साइट इंजिनिअर होतो, आणि आता ओळखीतल्या लोकांबरोबर त्यांच्या घराची साइट पाहायला जातो. प्रश्न साधारण तेच असतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या, महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पांपुरती आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: पुण्याच्या पश्चिम भागातली एक इमारत, तळाला पार्किंग, त्यावर एक पोडियम, म्हणजे घरांखालचा पसरट मजला, वर राहण्याचे १८ मजले, म्हणजे एकूण २० स्लॅब. आपला फ्लॅट नवव्या मजल्यावर, रेरा कार्पेट ६२ चौरस मीटर, कराराची किंमत ८० लाख. पाहणी जूनच्या मध्यावर.

साइटवर जाण्याआधी घरी बसून काय पाहायचं?

अर्धी पाहणी इथेच होते. महारेराच्या maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. पुणे जिल्ह्यातले बरेच क्रमांक P521 ने सुरू होतात. जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे, तो स्कॅन केला तरी त्याच पानावर पोचता.

तिथून तीन गोष्टी उतरवून घ्या. पहिली, मंजूर आराखडे आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. सीसी किती मजल्यांपर्यंत आहे हे नीट वाचा. कधी कधी ती टप्प्याटप्प्याने मिळते, आणि १८ मजल्यांची जाहिरात चालू असताना परवानगी बाराव्यापर्यंतच असते. दुसरी, प्रकल्प पूर्ण करण्याची नोंदवलेली तारीख, आणि ती आधी वाढवून घेतली असेल तर मूळ तारीखही. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची, म्हणजे फॉर्म १.

हा फॉर्म १ काय प्रकार आहे?

बिल्डरने दर तिमाहीला प्रगतीचा अहवाल महारेराला द्यायचा असतो. त्याच्यासोबत जी प्रमाणपत्रं येतात त्यातलं वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १. फॉर्म २ इंजिनिअरचा, खर्चाचा. फॉर्म ३ सीएचा. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि झालेल्या कामाच्या प्रमाणातच काढायचे, असा कायदा आहे. ते पैसे काढण्यासाठी हे तिघे सही करतात. म्हणून या कागदांतला आकडा सेल्स ऑफिसच्या आकड्यापेक्षा वजनदार.

फॉर्म १ मध्ये दोन तक्ते असतात. तक्ता अ इमारतीचा: खोदाई, प्लिंथ म्हणजे जोतं, पोडियम, स्टिल्ट म्हणजे तळाचं खांबांवरचं पार्किंग, वरचे स्लॅब, आतल्या भिंती-प्लास्टर-फरशी-दारं-खिडक्या, सॅनिटरी फिटिंग, जिने आणि लिफ्टचे डक्ट, बाहेरचं प्लंबिंग-प्लास्टर, शेवटी लिफ्ट, पंप, अग्निशमन वगैरे. प्रत्येक ओळीसमोर किती टक्के काम झालं ते लिहिलेलं. तक्ता ब आवारातल्या कामांचा: अंतर्गत रस्ते, पाणीपुरवठा, ड्रेनेज, पावसाळी गटारं, झाडं, दिवे, सामुदायिक इमारत, सांडपाणी प्रक्रिया, पाऊसपाणी संधारण. लोक तक्ता अ बघतात आणि थांबतात. सुविधांचं खरं चित्र तक्ता ब मध्ये असतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

शेवटचे दोन-तीन तिमाहींचे फॉर्म घ्या. एकट्या फॉर्मवरून काम कुठवर आलंय एवढंच कळतं, दोन फॉर्म शेजारी ठेवले की वेग कळतो.

डिमांड लेटर आलंय, ‘बारावा स्लॅब पूर्ण’. साइटवर स्लॅब मोजायचे कसे?

इथे लोक हमखास चुकतात, कारण मजला आणि स्लॅब यांचे क्रमांक जुळत नाहीत. आपल्या इमारतीत पहिला स्लॅब म्हणजे पार्किंगचं छत. दुसरा पोडियमचं छत, तोच राहण्याच्या पहिल्या मजल्याची जमीन. पहिल्या मजल्याचं छत तिसरा. त्या हिशेबाने बारावा स्लॅब म्हणजे दहाव्या मजल्याचं छत. इमारतीपासून जरा लांब, समोरच्या फुटपाथवर उभं राहा आणि खालून वर मोजा. जवळ उभं राहून मान वर करून मोजलं की एखादा मजला नक्की चुकतो.

आता सगळ्यात वरच्या थरावर काय दिसतंय ते बघा. लाकडी किंवा लोखंडी सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, लागलंय, त्यावर सळया दिसताहेत, पण काँक्रीट ओतलेलं नाही? मग तो स्लॅब झालेला नाही, नुसती तयारी आहे. ओतून झाला असेल तर वरती पुढच्या कॉलमच्या सळया उभ्या दिसतात आणि पृष्ठभागावर पाणी साठवण्यासाठी केलेली आळी दिसतात. खाली टेकू तसेच असणं मात्र ठीकच आहे. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर ते किमान ७ दिवस आणि त्याहून जास्त असेल तर १४ दिवस ठेवायचेच असतात. टेकू लवकर निघालेले दिसले तर उलट काळजी करा.

पैशात याचा अर्थ काय होतो ते पाहू. महाराष्ट्राच्या नमुना करारात हप्त्यांची कमाल मर्यादा ठरलेली आहे: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ झाल्यावर ४५, पोडियम-स्टिल्ट धरून सगळे स्लॅब झाल्यावर ७०. म्हणजे स्लॅबच्या वाट्याला २५ टक्के. आपल्या करारात ते २० स्लॅबवर समान वाटले आहेत, एका स्लॅबला सव्वा टक्का, म्हणजे एक लाख रुपये. बारावा स्लॅब झाला तर एकूण ६० टक्के, ४८ लाख देय. पण साइटवर बाराव्याच्या नुसत्या सळया बांधून झाल्या आहेत, ओतलेले ११ आहेत. देय ४७ लाख. मागणी एक लाखाने आगाऊ आहे. जीएसटी यात धरलेला नाही.

एक लाख आठवडाभर आधी गेल्याने आकाश कोसळत नाही, हे खरं. पण बांधकामाच्या पुढे धावणारी मागणी हे बऱ्याचदा पैशाच्या चणचणीचं पहिलं लक्षण असतं, आणि ती सवय पुढच्या प्रत्येक हप्त्याला वाढत जाते. शिवाय गृहकर्ज असेल तर त्या लाखावरचं व्याज तुमच्या खिशातून.

मग मी तो हप्ता अडवून धरू का?

सरळ अडवू नका. हप्ता उशिरा भरला तर कराराप्रमाणे तुमच्यावरही व्याज चढतं. त्याच दिवशी ई-मेल करा: अमुक तारखेला पाहणी केली, बाराव्या स्लॅबचं काँक्रीट झालेलं नव्हतं, फोटो जोडले आहेत, काम झाल्याचं वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र पाठवा, मिळताच रक्कम भरतो. बँकेलाही प्रत पाठवा. बँका हप्ता सोडण्यापूर्वी स्वतःचा माणूस पाठवतात किंवा प्रमाणपत्र मागतात, पण बिल्डरशी बँकेचे नेहमीचे संबंध असले की ही तपासणी कधी कधी नावापुरती उरते.

‘पुढच्या पाडव्याला ताबा’ असं सेल्सवाले सांगतात. खरं धरायचं का?

हिशेब स्वतः करा, अवघड नाही. आपल्या उदाहरणात फॉर्म १ मधल्या स्लॅबच्या ओळीवरून (पोडियम आणि स्टिल्टच्या ओळी वेगळ्या असतात, त्या मिळवून) डिसेंबरअखेर ५ स्लॅब झाले होते, मार्चअखेर ९. म्हणजे तीन महिन्यांत ४, एका स्लॅबला साधारण २२ दिवस. मार्चअखेर ते जूनचा मध्य, म्हणजे अडीच महिन्यांत, फक्त २ वाढले. एका स्लॅबला ३७ दिवस. काम मंदावलंय.

या आकाराच्या इमारतीत नेहमीच्या सेंटरिंगने आणि पुरेशा मजुरांनी १२ ते १५ दिवसांत एक स्लॅब पडतो. ॲल्युमिनियमच्या साच्यांनी, ज्याला सगळे मिवान म्हणतात, त्याहून लवकर. उरलेले ९ स्लॅब चांगल्या वेगाने झाले तर चार-साडेचार महिने, आताचे दोन्ही वेग मिळून सरासरी ३० दिवस धरले तर नऊ महिने. शेवटच्या स्लॅबनंतर वरच्या मजल्यांची वीटकामं, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी, लिफ्ट, अग्निशमन दलाची तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र, याला दहा-बारा महिने सहज जातात. नऊ अधिक दहा-बारा, म्हणजे एकोणीस ते एकवीस महिने. महारेरावरची तारीख समजा पुढच्या वर्षीच्या डिसेंबरची आहे, म्हणजे अठरा महिने. तीच हुकायची लक्षणं आहेत. पाडवा तर नऊ-दहा महिन्यांवर आहे, तोवर कदाचित शेवटचा स्लॅब पडेल.

तोंडी तारखेला किंमत नाही. रेरा कायद्याच्या कलम १८ खाली उशिराचं व्याज किंवा पैसे परत मागता येतात ते करारातल्या ताब्याच्या तारखेवरून. व्याजाचा दर महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या आधारदरावर, २ टक्के जादा असा ठरलेला आहे. त्यामुळे करारात कोणती तारीख छापली आहे हे सही करण्याआधी बघा, आणि सेल्सवाल्याला त्याची तारीख ई-मेलवर लिहून द्यायला सांगा. बहुतेक जण तिथे गप्प होतात.

काम खरंच चालू आहे की थांबलंय, हे माझ्यासारख्या न कळणाऱ्याला कसं ओळखू येईल?

रविवारी जाऊ नका. रविवारी सेल्स ऑफिस सजलेलं आणि साइट सुट्टीवर असते. मधल्या वारी सकाळी दहाच्या सुमारास जा.

कॉलमजवळ जाऊन बघा. बऱ्याच साइटवर कॉलम भरल्याची तारीख त्याच्यावरच खडूने किंवा रंगाने लिहितात, पाणी किती दिवस मारायचं ते कळावं म्हणून. वरच्या दोन मजल्यांवरच्या तारखा वाचल्या की फॉर्म १ शिवाय वेग कळतो. तारीख लिहिली असेल, कॉलमला गोणपाट गुंडाळलं असेल आणि ते ओलं असेल, तर साइटवर कोणीतरी लक्ष देणारं आहे. गोणपाट आहे पण हात लावल्यावर कोरडं ठणठणीत, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲशसारखं मिश्रण असलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं. उन्हाळ्यात यात काटकसर होते, कारण पाणी टँकरचं.

वर काढलेल्या सळया बघा. हलका तांबूस गंज चालतो. नखाने खरवडल्यावर पापुद्रे सुटत असतील तर त्या बरेच महिने उघड्या आहेत, म्हणजे काम तिथे अडकून पडलं होतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला आणि कॉलम-बीमच्या जोडाजवळ खडी उघडी पडून मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात का तेही बघा. थोडीशी असली तर दुरुस्त होतात. पण त्यावर नुसता सिमेंटचा लेप फासून झाकलेलं दिसलं तर फोटो घ्या आणि दुरुस्ती कशी केली ते लेखी विचारा. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ७ आणि २८ दिवसांच्या चाचण्यांची वही साइट ऑफिसात असते. दाखवा म्हटल्यावर इंजिनिअर सहज दाखवतो की ‘ऑफिसातून मागवावं लागेल’ म्हणतो, हे पुरेसं बोलकं असतं.

माझाच फ्लॅट आत जाऊन पाहता येईल का?

आज नाही. आपला नववा मजला घ्या. त्याचं छत अकरावा स्लॅब, तो नुकताच झालाय. आत टेकूंचं जंगल असेल. तिथे जायचा हट्ट धरू नका, इंजिनिअरही पाठवणार नाही. वीटकाम आणि प्लास्टर नेहमी काही मजले खाली चालू असतं. आपल्या साइटवर समजा चौथ्यापर्यंत वीटकाम आणि दुसऱ्यापर्यंत प्लास्टर आलंय. मग दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचा, तुमच्याच बाजूचा, तुमच्याच नकाशाचा फ्लॅट दाखवायला सांगा. तोच तुमच्या फ्लॅटचा खरा नमुना आहे.

हेल्मेट मागून घ्या, पायात बूट असू द्या, लहान मुलांना घरी ठेवा. लिफ्टच्या उघड्या डक्टजवळ फोटो काढायला मागे सरकू नका. हे सांगावं लागतं.

सँपल फ्लॅट तर दाखवतातच, मग वेगळं काय पाहायचं?

सँपल फ्लॅट हे दुकान आहे. त्यात पलंग मापापेक्षा लहान बनवून घेतलेला असतो, मधली दारं बसवलेली नसतात, आरसे लावून खोली दुप्पट केलेली असते, आणि कधी कधी भिंती पातळ प्लायच्या असतात. करारावर सही केल्यावर त्यातलं काय मिळणार हे फक्त एका कागदावर असतं: कराराला जोडलेलं जोडपत्र ई, म्हणजे फ्लॅटचे तपशील. तो कागद हातात घेऊन सँपल फ्लॅटमध्ये फिरा. ‘हे मिळणार का?’ असं न विचारता ‘हे जोडपत्रात कुठे आहे?’ असं विचारा. फॉल्स सीलिंग, वॉर्डरोब, मॉड्युलर किचन, बाथरूमची काचेची भिंत हे बहुधा जोडपत्रात नसतं.

जोडपत्रात ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द कुठे कुठे आहेत त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. नळ, टाइल, वायर, खिडकीचं सेक्शन यांच्या कंपनीच्या नावापुढे ते आले की कंपनी बदलायची मोकळीक राहते. त्याला हरकत घ्या असं मी म्हणत नाही, साहित्य बाजारात कधी मिळतं कधी नाही. पण टाइलचं माप, नळाची मालिका, वायरचा प्रकार असं काहीतरी मोजता येणारं लिहून घ्या. मग ‘तत्सम’ कशाच्या तत्सम ते ठरतं.

खोल्यांची मापं साइटवर घेतली आणि ती कमी भरली. फसवणूक आहे का?

आधी काय मोजलं ते बघू. पाच मीटरची टेप घ्या आणि मंजूर नकाशातल्या खोलीच्या मापाशी ताडा. नुसत्या विटांच्या भिंतीत मोजलं तर प्लास्टरनंतर दोन्ही बाजूंनी मिळून अडीच-तीन सेंटीमीटर कमी होणार, ते धरा. वीटकामात ३.०५ मीटर असेल तर शेवटी साधारण ३.०२ हाती येतं. एवढा फरक चालतो. दहा सेंटीमीटर गायब असतील तर भिंत सरकलेली आहे. ती तुमच्या शेजारच्या खोलीत सरकली की बाहेरच्या डक्टमध्ये, तेही मोजा.

कार्पेटची व्याख्या कायद्यात दिलेली आहे: आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून. नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंत फरक मान्य आहे. ६२ चौरस मीटरवर तो १.८६ चौरस मीटर, म्हणजे वीस चौरस फूट होतो. त्याहून जास्त कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत मिळायला हवेत. हे माप ताब्याच्या वेळीच पक्कं होतं, पण चुकीच्या जागी उभी राहिलेली भिंत वीटकामाच्या टप्प्यावर एका दिवसात हलवता येते, फरशी बसल्यावर नाही.

उंचीही मोजा. राहण्याच्या खोलीला फरशीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर लागतात. फरशी बसायच्या आधी मोजत असाल तर मसाला आणि टाइल मिळून सहा-सात सेंटीमीटर वजा करा.

इमारत मिवानची असेल तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. त्या नंतर पाडता येत नाहीत आणि विजेचा एखादा पॉइंट वाढवायचा तरी ड्रिलने झगडावं लागतं. किचन आणि हॉलमधली भिंत काढायचा बेत असेल तर हे बुकिंगआधीच कळलेलं बरं.

भिंतीत लपणाऱ्या गोष्टी कधी आणि कशा पाहायच्या?

वीटकाम झालं आणि प्लास्टर व्हायचंय, या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या फ्लॅटला एक भेट राखून ठेवा. विजेचे पाइप आणि लोखंडी डबे, पाण्याच्या लाइनी तेव्हा उघड्या दिसतात. एकेका भिंतीचे समोरून फोटो घ्या, टेप लावून जमिनीपासूनची उंची दिसेल असे. पुढे चित्र टांगायला खिळा ठोकताना हेच फोटो पाइप वाचवतात. प्रत्येक खोलीतले डबे मोजा आणि जोडपत्रातल्या पॉइंटशी जुळवा. किचनमध्ये आणि बेडच्या दोन्ही बाजूंना नेहमी कमी पडतात. पाण्याच्या पाइपवर कंपनीचं नाव, आयएसआय खूण आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो, सीपीव्हीसीसाठी तो IS 15778. जोडपत्रात एक नाव आणि भिंतीत दुसरं, हे फोटोशिवाय कधीच सिद्ध होत नाही.

काँक्रीटचा बीम आणि ब्लॉकची भिंत जिथे मिळतात त्या सांध्यावर प्लास्टरआधी कोंबडीजाळी मारलेली असायला हवी. ती नसली की वर्षभरात तिथे सरळ रेषेत भेग उमटते आणि मग बिल्डर म्हणतो, ‘हेअरक्रॅक आहे, सगळीकडे असतो.’

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिथे एक-दोन दिवस पाणी भरून ठेवतात. ही चाचणी तुमच्या बाथरूमसाठी कधी आहे ते विचारा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. ओल असेल तर तिथेच डाग दिसेल.

क्लब हाउस, स्विमिंग पूल, बाग... ब्रोशरमध्ये बावीस सुविधा आहेत. साइटवर तर नुसता खडीचा ढिगारा आहे. कशावरून धरायचं की होतील?

सुविधा सगळ्यात शेवटी होतात, त्यामुळे आज खडीचा ढीग असणं हा दोष नाही. पाहायचं ते दुसरंच: त्या कागदावर कुठे आहेत आणि कोणाच्या जागेवर आहेत.

करारातली दुसरी अनुसूची, म्हणजे सामायिक जागा आणि सुविधांची यादी, ब्रोशरच्या शेजारी ठेवा. बावीसमधल्या किती उतरल्या ते मोजा. मग फॉर्म १ चा तक्ता ब उघडा. सामुदायिक इमारतीच्या ओळीत ‘प्रस्तावित: नाही’ असं लिहिलं असेल आणि ब्रोशरमध्ये दुमजली क्लब हाउस असेल, तर उत्तर मिळालंच. ‘होय, ० टक्के’ असेल तर निदान त्याने जबाबदारी कबूल केलेली आहे. कराराच्या यादीत सुविधेचा आकार आणि ती वापरायला देण्याची तारीख लिहिलेली असावी. नुसतं ‘स्विमिंग पूल’ लिहून भागत नाही, पाच फुटांच्या हौदालाही पूल म्हणता येतं.

आता नकाशा. मोठ्या भूखंडावर एका प्रकल्पाचे दोन-तीन टप्पे करतात आणि प्रत्येक टप्प्याचा नोंदणी क्रमांक वेगळा घेतात. क्लब हाउस कुठल्या टप्प्यात येतं ते मंजूर लेआउटवर बोट ठेवून विचारा. ते टप्पा ३ मध्ये असेल, आणि टप्पा ३ अजून नोंदलाही नसेल, तर तुमच्या ताब्याच्या तारखेशी त्याचा काही संबंध नाही. टप्पा ३ विकला जाईपर्यंत तुमची मुलं मोठी झालेली असतील.

दुसरी जागा बागेची. विकास नियमांप्रमाणे मोठ्या भूखंडातला काही भाग सुविधा क्षेत्र म्हणून ठेवावा लागतो आणि तो महापालिकेकडे जाऊ शकतो. आराखड्यातलं आरक्षणही असतं. ब्रोशरमध्ये हे सगळं एकसारखं हिरवं रंगवतात. मंजूर लेआउटवर मात्र ‘सुविधा क्षेत्र’, ‘मोकळी जागा’, ‘आरक्षण’ असं वेगळं लिहिलेलं असतं. तुमच्या सोसायटीच्या उपयोगाची आहे ती मोकळी जागा. तिची चतुःसीमा साइटवर जाऊन बघा, तिथून हाय टेन्शन लाइन किंवा नाला जातो का तेही.

पूल पोडियमवर दाखवला असेल तर पोडियमचा स्लॅब झालेला असताना हे कळून चुकतं. त्या जागी स्लॅब खाली घेतलेला किंवा खालून जाड बीम दिलेले दिसायला हवेत. पाण्याचं वजन घनमीटरला एक टन असतं, ते साध्या सपाट स्लॅबवर नंतर ठेवता येत नाही. स्लॅब सपाट दिसला तर साइट इंजिनिअरला विचारा, सेल्सला नको.

जाहिरातीत सांगितलेलं आणि प्रत्यक्षात दिलेलं यात फरक असेल तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. म्हणून ब्रोशर, व्हॉट्सॲपवर आलेले पीडीएफ, सेल्सवाल्याचे मेसेज जपून ठेवा.

पार्किंगचं काय पाहायचं?

तुमची गाडी मावते का एवढंच. बेसमेंट किंवा पोडियमचं काम झालं असेल तर नकाशावर तुमची जागा शोधा आणि टेप लावा. मोठ्या गाडीला अडीच बाय पाच मीटर लागतात. कॉलम मधे येतो का, दार उघडतं का, वरून बीम किंवा ड्रेनेजचा पाइप किती खाली येतो? अशा तक्रारी इतक्या आल्या की एप्रिल २०२४ मध्ये महारेराने पार्किंगची जागा, लांबी, रुंदी, उंची करारासोबतच्या जोडपत्रात लिहिणं बंधनकारक केलं. उघडी पार्किंग कायद्याने सामायिक जागेत मोडते, ती तुम्हाला कोणी विकू शकत नाही.

पावसाळ्यात जावं की थांबावं?

जमलं तर पावसाळ्यातच एक फेरी करा. बेसमेंटमध्ये पाणी कुठून येतं, बाहेरच्या भिंतीला आतून ओल कुठे दिसते, लिफ्टच्या खड्ड्यात किती पाणी साठलंय आणि मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंत चिखलातून कसं जायचं, हे जानेवारीत कळत नाही. त्या रस्त्याबद्दल एक विचारा: तो विकास आराखड्यातला असेल तर जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का? नकाशावर १८ मीटर आणि जमिनीवर शेताचा बांध, अशा इमारती पुण्याच्या कडेने कितीतरी उभ्या आहेत. पाण्यासाठी शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला विचारा, उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात. त्याला पक्कं माहीत असतं, गेट तोच उघडतो.

फरक सापडला आणि बिल्डर दाद देत नाही. पुढे?

आधी लेखी पत्र, मुद्दा एकेक, फोटो आणि करारातलं पान जोडून. मंजूर आराखडे, तपशील आणि टप्पेवार वेळापत्रक मागण्याचा हक्क कलम १९ ने दिलेला आहे, तो आकडा पत्रात लिहा. इमारतीच्या आराखड्यात किंवा सामायिक जागेत बदल करायचा असेल तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, त्यामुळे इतर खरेदीदारांचा गट जमवणं उपयोगी पडतं. तिथेही जमलं नाही तर महारेराचा सलोखा मंच आहे, आणि नंतर ऑनलाइन तक्रार, तिचं शुल्क ५,००० रुपये. बुकिंग झालं नसेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. दुसरा प्रकल्प बघा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम कोणी मागत असेल तर तेही नियमाबाहेर आहे.

मी दुबईत असतो, साइटवर जायला कोणी नाही. व्हिडिओ कॉलवर भागेल का?

सेल्सवाल्याने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर नाही. तो दाखवेल तेच दिसतं. आई-वडिलांना जिने चढायला लावू नका. एखाद्या स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरला, ज्याचा त्या बिल्डरशी व्यवहार नाही, भेटीमागे फी ठरवून नेमा, आणि तीनच भेटी मागा: बुकिंगआधी, तुमच्या फ्लॅटच्या प्लास्टरआधी आणि ताब्याच्या आधी. त्याच्याकडून अहवालाबरोबर मूळ फोटो मागवा, मोबाइलमध्ये तारीख आणि जागा चालू ठेवून काढलेले. बिल्डरला ई-मेलने कळवा की अमुक व्यक्ती माझ्या वतीने पाहणी करेल, नाहीतर गेटवरच अडवतात. आणि डिमांड लेटर आलं की पैसे पाठवण्याआधी मागच्या दोन तिमाहींचे फॉर्म १ उघडून बघा, ते दुबईतूनही दिसतात.